अर्धा बाइट, पूर्ण ताप

मराठी वाक्याचा सगळा जीव शेपटीत असतो. क्रियापद शेवटी, नकार शेवटी, आणि ‘असं ते म्हणतात’ हे तर त्याच्याही मागे. त्यामुळे मराठीत कुणाला गोत्यात आणायचं तर त्याचा आवाज बदलायची किंवा खोटा चेहरा चिकटवायची गरज नसते. शेपूट तेवढी छाटायची. उरलेलं वाक्य त्याचं काम चोख करतं.

आमच्या काकांनी पाठवलेली क्लिप ११ सेकंदांची होती. एका संस्थेचे अध्यक्ष माइकसमोर उभे राहून म्हणत होते, “ही वाचनालयं बंद केली तरी कुणाचं काही बिघडत नाही. आजकाल वाचतंय कोण? ती जागा पार्किंगला द्या...” संपलं. खाली काकांची टीप : ‘छापायची हिंमत आहे का?’

क्लिपच्या डोक्यावर दुहेरी बाण होता. म्हणजे ती निदान पाच वेळा पुढे ढकलली गेली होती. असला संदेश व्हॉट्सअॅप २०२० पासून एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवू देतं. अफवा मंदावाव्यात म्हणून केलेली ही सोय, पण ती करणाऱ्यांना निवृत्त माणसाच्या चिकाटीची कल्पना नसावी. काकांनी ती अख्ख्या नातेवाइकांना एकेक करून पाठवली होती.

“काका, तुम्हाला ही कुठून आली?”

“गटातून.”

“गटात कुणी टाकली?”

“अरे, सगळ्यांनीच टाकली.”

मूळ फाइल मिळण्याची आशा इथे सोडून द्यायची. व्हॉट्सअॅपवरून व्हिडिओ म्हणून आलेली फाइल दाबून लहान केलेली असते, आणि कुठल्या कॅमेऱ्याने कधी टिपली याची तिच्यातली नोंद बहुधा वाटेत गळून गेलेली असते. प्रत्येक फेरीत चित्रही आणखी पुसट होतं. अध्यक्षांची मिशी कुठे संपते आणि माइक कुठे सुरू होतो, हे सांगणं अवघड झालं होतं.

म्हणून मी डोळे मिटून हेडफोन लावले. अर्धवट कापलेला बाइट डोळ्यांपेक्षा कानांना आधी सापडतो. बोलणारा माणूस वाक्य संपवताना सूर खाली आणतो. इथे ‘द्या’वर सूर वर चढलेला होता, आणि त्याच्या मागे, अगदी कडेला, एक अर्धामुर्धा ‘अ’ चिकटून राहिला होता. कात्री चालवणाऱ्याचा हात एक केस चुकला होता. ऑडॅसिटी या आवाज संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आवाजाचा आलेख उघडला, तर बोलणं थांबलं की लाटा जशा निवत जातात तशा इथे निवत नव्हत्या. सभागृहातल्या पंख्यांच्या घरघरीसकट सगळं एकदम तुटलं होतं.

आता, एवढ्यावर ‘बनावट, बनावट’ म्हणून ओरडत सुटू नये. टिपणाऱ्याने हाताने रेकॉर्डिंग थांबवलं तरी आलेख असाच तुटतो. तुटकी कड एवढंच सांगते की पुढे काहीतरी होतं. ते काय होतं, हे त्या ‘अ’वरून ठरवायचं तर ‘अन् ताबडतोब द्या’ हेही बसतं. आणि गंमत म्हणजे क्लिप शंभर टक्के खरी होती. माणूस तोच, आवाज त्याचाच, शब्द त्याचेच. खोटेपणा पकडायला बसलेल्याला तिच्यात हाती लागण्यासारखं काही नव्हतं.

मग उरलं ते पूर्ण भाषण शोधणं. क्लिपमधली एक बरी चौकट निवडून उलट चित्रशोध केला, तर तीच क्लिप वेगवेगळ्या संतापांसह परत आली. कामी आला तो मागचा फलक. खांद्यामागून त्याची ‘...पन दिन’ एवढीच अक्षरं दिसत होती. म्हणजे वर्धापन दिन. अध्यक्षांचं नाव आणि वर्धापन दिन मिळून शोधल्यावर यजमान संस्थेच्या यूट्यूब वाहिनीवर कार्यक्रमाचं थेट प्रक्षेपण सापडलं. लांबी २ तास १४ मिनिटं. त्यातला पहिला तास माइक चालतोय का, हे विचारण्यात गेला होता.

भाषणातली नेमकी जागा शोधायला अध्यक्षांचा पाण्याचा ग्लास उपयोगी पडला. क्लिपमध्ये तो अर्ध्याहून जरा कमी होता. म्हणून मी भाषण सोडून ग्लास बघत पुढे गेलो. तो निम्म्यावर आल्यावर व्हिडिओ थांबवून पूर्णविरामाच्या कळीने एकेक चौकट सरकवली, आणि हाताची ती उगारलेली बोटं सापडली. पूर्ण वाक्य असं होतं : “...ती जागा पार्किंगला द्या, असं आमच्याच बैठकीत एकजण म्हणाले. मी त्यांना विचारलं, तुम्ही शेवटचं पुस्तक कधी वाचलंत?” यावर टाळ्या.

पण पूर्ण दिसणारा व्हिडिओही कुणीतरी चढवलेलाच असतो, आणि यजमान पाहुण्याची अडचण कापून टाकू शकतात. म्हणून ती पाच-सात मिनिटं पुन्हा पाहिली : ग्लासातलं पाणी मध्येच वाढतंय का, मनगटावरचं घड्याळ उडी मारतंय का, पंख्यांची घरघर सलग आहे का. शिवाय श्रोत्यांपैकी एकाने डाव्या बाजूने स्वतःच्या फोनवर टिपलेला तुकडा मिळवला. त्यात समोरच्या बाईंचा अंबाडा अध्यक्षांपेक्षा ठळक होता, पण शब्द तेच होते, टाळ्याही तिथेच. दुसऱ्या हाताचा, दुसऱ्या कोनाचा पुरावा म्हणतात तो हा. दोन्ही फाइली उतरवून घेतल्या आणि मिनिट-सेकंद वहीत टिपले, कारण बातमी आली की असले व्हिडिओ पटापट ‘खाजगी’ होतात.

अध्यक्षांना फोन मी मुद्दाम सगळ्यात शेवटी केला. आधी केला असता तर काय मिळालं असतं? “माझ्या विधानाचा विपर्यास केला गेला.” हे वाक्य सार्वजनिक जीवनातल्या माणसाला झोपेतही येतं, विपर्यास झालेला असो वा नसो. त्यामुळे पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य. तेही नेमकं हेच म्हणाले. या खेपेला ते खरं होतं, याचं त्यांनाही थोडं आश्चर्य वाटल्यासारखं वाटलं.

पण क्लिपच्या मागची दहा मिनिटं ऐकली तशी पुढचीही ऐकली होती, आणि तिथे खरी गोम होती. टाळ्या ओसरल्यावर अध्यक्षच ओघात बोलून गेले होते की वाचनालयाच्या दुरुस्तीसाठी आलेले पैसे दोन वर्षं खात्यात पडून आहेत. मी त्याबद्दल विचारलं. पलीकडे क्षणभर शांतता, आणि मग : “तेही जरा संदर्भ सोडूनच घेताय तुम्ही.” मी त्यांना अख्खा परिच्छेद मिनिट-सेकंदांसकट वाचून दाखवला. मग त्यांना बैठक होती.

बातमी लिहिली. वाक्य शेपटीसकट दिलं, मध्ये कुठेही तीन टिंबं नाहीत. मी लिहिताना टिंबांना घाबरतो, वाचणारा त्यांच्यात हवं ते भरतो. पैशांचा भाग वेगळ्या परिच्छेदात. डेस्कने मथळा दिला : ‘वाचनालयं बंद करून जागा पार्किंगला द्या, असं अध्यक्ष म्हणालेच नाहीत’.

निर्दोष मथळा. फक्त सूचनेत तो फोनच्या पडद्यावर कसा दिसतो, हे पाठवण्याआधी चाचणीच्या फोनवर पाहिलं. दिसत होतं : ‘वाचनालयं बंद करून जागा पार्किंगला द्या, असं अध्यक्ष...’

उपसंपादक म्हणाला, “पुढचं दाबलं की दिसेल की.” मी म्हटलं, “दाबतो कोण? स्क्रीनशॉट काढून काकांना पाठवतील.” अर्धा तास घासाघीस झाल्यावर मथळा ठरला : ‘अध्यक्षांची ती क्लिप अर्धवट, दुरुस्तीचे पैसे मात्र दोन वर्षं पडून’. पडद्यावर ‘अर्धवट,’ पर्यंत आलं. तेवढं पुरे म्हणून पाठवून दिलं.