यतीमच्या, म्हणजे अनाथ पोराच्या, मालातून त्याचा वली, म्हणजे पालक, किती घेऊ शकतो?

"इस्लामी कायद्यात अनाथ पोराचा वली त्याच्या इस्टेटीतून हवं तेवढं घेऊ शकतो, कुराणातच परवानगी आहे." असा मेसेज फिरतोय.

नाही, अर्धीच आयत सांगितलीय. सूरह निसाच्या ६ व्या आयतीत आहे की वली श्रीमंत असेल तर त्याने हात लावू नये, गरीब असेल तर रीतसर तेवढंच खावं. आता हे "रीतसर" म्हणजे किती, तर शाफई आणि हंबली या सुन्नी कायदे-पंथांचे फकीह, म्हणजे इस्लामी कायद्याचे जाणकार, म्हणतात की त्या कामाची बाजारात चालणारी मजुरी आणि वलीची गरज, या दोन्हीत जे कमी ते. म्हणजे समजा कामाची मजुरी महिन्याला ५० दिरहम आणि त्याची गरज ३० ची, तर ३० च मिळणार, आणि गरज ८० ची असली तरी ५० च्या वर एक दिरहम नाही.

बाकी पोराच्या मालातून कुणाला काही भेट देता येत नाही, कर्ज माफ करता येत नाही. जमीन तर सहज विकायचीच नाही, शाफई मतात पोराच्या खर्चाची खरी गरज पाहिजे किंवा भाव एवढा चांगला की त्याचा उघड फायदा होतो.

पोरगं वयात आलं म्हणून लगेच सगळं द्यायचं असंही नाही, आधी व्यवहार करायला लावून समज बघायची आणि मग साक्षीदारांसमोर ताब्यात द्यायचं, हे साक्षीदारांचं पण त्याच आयतीत आहे.