‘सगळे स्टॉप एकाच दिवशी लागत नाहीत’: एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: सर, लेख नेहमीप्रमाणे पुस्तकी. प्रत्येक ट्रेडमध्ये १ टक्का रिस्क आणि स्टॉपलॉस असताना वर पुन्हा ६ टक्क्यांची हीट कॅप कशाला? सगळे स्टॉप एकाच दिवशी लागत नाहीत. माझ्याकडे कायम आठ-नऊ पोझिशन असतात, तुमच्या नियमाने चांगले ट्रेड सुटले असते. स्टॉप खरेदीभावावर आणला तरी ती पोझिशन मोजायची का, हेही सांगितलेले नाही. कोल्हापुरात बसून दलाल स्ट्रीटला शिकवू नका.

उत्तर:

महोदय, आपण लेख शेवटपर्यंत वाचलात याबद्दल आभार. मतभेदाला माझी हरकत नाही. हरकत आहे ती ‘नेहमीप्रमाणे पुस्तकी’ आणि ‘कोल्हापुरात बसून’ या दोन शब्दप्रयोगांना. राजारामपुरीतल्या स्क्रीनवर जो भाव दिसतो तोच मुंबईत दिसतो, आणि घसरणीच्या दिवशी गाव पाहून कोणाला सूट मिळत नाही. मुद्दा खोडायचा असेल तर आकड्यांनी खोडावा, पत्त्याने नव्हे.

राहिले ‘पुस्तकी’. सगळ्या खुल्या पोझिशनची मिळून जोखीम, म्हणजेच हीट, भांडवलाच्या ठरावीक टक्क्यांपुढे जाऊ द्यायची नाही, हा नियम मी शेअर बाजारात येण्याआधी शाहू मार्केट यार्डात, वडिलांच्या गुळाच्या आडतीत पाहिला. हंगामापूर्वी शेतकऱ्यांना उचल दिली जाई. प्रत्येकाची उचल लहानच असे, माणसेही व्यवहाराला चोख; तरीही बाहेर असलेली एकूण रक्कम स्वतःच्या भांडवलाच्या ठरावीक हिश्शापुढे गेली की वडील नव्या माणसाला नम्रपणे पुढच्या महिन्यात यायला सांगत. त्याचे कारण २०१९ च्या ऑगस्टमध्ये साऱ्या जिल्ह्याने पाहिले. पंचगंगेचे पाणी चिखली, आंबेवाडीत शिरले तेव्हा ते एकेका खातेदाराची पत विचारून शिरले नाही. नदीकाठची सगळी खाती एकाच आठवड्यात अडकली.

आपल्या प्रतिक्रियेतले ‘सगळे स्टॉप एकाच दिवशी लागत नाहीत’ हे एकच वाक्य मला खरोखर उत्तर देण्याजोगे वाटते. त्यामागे एक न बोललेले गृहीतक आहे. कोणत्याही पोझिशनचा स्टॉप लागण्याची शक्यता ४० टक्के धरली आणि सहा पोझिशनचा एकमेकींशी काही संबंध नाही असे मानले, तर सहाही स्टॉप लागण्याची शक्यता हजारात चार इतकीच उरते. मग मर्यादेची गरज नाही हे आपले म्हणणे बरोबर ठरते. पण आपण पोझिशन घेतो कधी? बाजार वर जात असताना, आणि त्यातही त्या वेळी जोरात असलेल्या क्षेत्रांत. म्हणजे सहा वेगवेगळ्या नावांनी आपण बहुधा एकच पैज लावलेली असते.

३ जून २०२४ ला, एक्झिट पोलनंतरच्या सोमवारी, निफ्टी ३ टक्क्यांहून अधिक वाढून २३,२६३ वर बंद झाला. सरकारी बँका, वीज, रेल्वे, संरक्षण ही त्या दिवसांतली लाडकी नावे. दुसऱ्या दिवशी मतमोजणी सुरू झाली आणि निफ्टी ५.९३ टक्के घसरून २१,८८४ वर आला. सरकारी बँकांचा निर्देशांक तर १५ टक्क्यांच्या आसपास कोसळला. त्या दुपारपर्यंत माझे स्टॉप एकामागून एक लागत गेले. तोटा झाला, पण तो किती होऊ शकतो हे आदल्या रात्रीच मला ठाऊक होते आणि तो त्या मर्यादेतच राहिला. आपल्या त्या दिवशीच्या आठ-नऊ पोझिशनचे काय झाले, हे आपण लिहिलेले नाही.

आता हिशेब रुपयांत पाहू. भांडवल १० लाख. शेअर ५०० ला घेतला, स्टॉप ४६० ला, म्हणजे शेअरमागे ४० रुपयांची जोखीम. १ टक्का म्हणजे १०,००० रुपये. म्हणून २५० शेअर, किंमत सव्वा लाख. अशा सहा पोझिशन झाल्या की हीट ६०,००० रुपये, म्हणजे ६ टक्के, आणि नवी खरेदी बंद. आपल्या पद्धतीने आठ घेतल्या तर हीट ८ टक्के आणि सगळे भांडवल बाजारात.

हा ६ टक्क्यांचा आकडा म्हणजे हमी नव्हे, हे मी लेखातही लिहिले होते. स्टॉपच्या भावालाच विक्री होईल असे धरून तो काढलेला असतो. २३ मार्च २०२० ला पहिल्याच तासात १० टक्क्यांचे सर्किट लागून व्यवहार ४५ मिनिटे थांबले आणि निफ्टी दिवसअखेर सुमारे १३ टक्के खाली बंद झाला. अशा दिवशी आपला शेअर ४६० ऐवजी ४३५ ला विकला गेला असे समजा. शेअरमागे ६५ रुपये गेले. सहा पोझिशनवर ९७,५००, आठवर १,३०,०००. त्यातही जीटीटीतून, म्हणजे ठरवलेला भाव आला की आपोआप ऑर्डर पाठवणाऱ्या सोयीतून, लिमिट ऑर्डर गेलेली असेल तर ट्रिगर लागूनही ती वर पडून राहते आणि भाव खाली निघून जातो. म्हणून मर्यादा ठरवताना ‘६ टक्के गेले तर चालेल का’ एवढेच विचारून भागत नाही. त्याच्या दीडपटीहून थोडे अधिक गेले तर काय, हेही पाहावे लागते.

याच हिशेबात एक पळवाट आहे, आणि हीट कमी दाखवू पाहणारे बहुतेक जण तीतूनच जातात. स्टॉप ४० ऐवजी २० रुपयांच्या अंतरावर आणला की त्याच १०,००० च्या जोखमीत ५०० शेअर बसतात. कागदावर हीट तेवढीच, १ टक्का. पण ४३५ ला विक्री झाली तर तोटा ३२,५००. हीट स्टॉपपर्यंतचे अंतर मोजते, गॅप, म्हणजे स्टॉप ओलांडून भावाने खाली मारलेली उडी, मात्र हातातल्या सगळ्या शेअरांवर पडतो. म्हणून एका पोझिशनच्या एकूण किमतीलाही वेगळी मर्यादा हवी. टीका करायची तर इथे वाव होता.

‘मोठे ट्रेडर असले काही पाळत नाहीत’ असा आपला सूर दिसतो. अमेरिकन ट्रेडर रिचर्ड डेनिस यांनी १९८३ मध्ये शिकाऊ ट्रेडरना दिलेल्या नियमांत एका युनिटवर, म्हणजे ठरावीक मापाच्या एका खरेदी-विक्रीवर, २ टक्के जोखीम होती आणि एकाच दिशेला १२ युनिटांची मर्यादाही होती. जवळून जोडलेल्या बाजारांत तर फक्त ६. २४ टक्के हीट माझ्यासारख्याला झेपणारी नाही, पण एकूण मर्यादा त्यांनीही घातलीच होती.

एक गोष्ट मात्र मान्य. स्टॉप खरेदीभावावर आणलेली पोझिशन माझ्या पद्धतीत शून्य धरली जाते आणि नव्या पोझिशनला जागा मोकळी होते. हे वाक्य लेखात असते तर बरे झाले असते. शून्य म्हणजे मात्र शून्यच. स्टॉप खरेदीच्या वर गेला की साध्या वजाबाकीत ऋण आकडा येतो, तो दुसऱ्या पोझिशनची जोखीम झाकतो आणि शीट ६ टक्क्यांच्या आत असल्याचे खोटेच सांगत राहते. B मध्ये खरेदीभाव, C मध्ये स्टॉप, D मध्ये संख्या आणि F1 मध्ये आजचे भांडवल असेल, तर सूत्र असे:

```
=SUMPRODUCT((B2:B10>C2:C10)*(B2:B10-C2:C10)*D2:D10)/F1
```

F1 मध्ये आजचेच भांडवल घालावे. खाते ९,४०,००० वर आले की ६ टक्के म्हणजे ६०,००० नव्हे, ५६,४०० होतात.

सुटलेल्या चांगल्या ट्रेडबद्दल मी काही लिहीत नाही. सुटलेले ट्रेड सगळ्यांचे चांगलेच असतात. आपल्या नऊ पोझिशन या रकान्यांत भराव्यात. उत्तर ०.०६ च्या वर आले तर घाईने काही विकू नये, फक्त एखादा स्टॉप लागेपर्यंत किंवा वर सरकेपर्यंत नवी खरेदी थांबवावी. तो आकडा खाली लिहिलात तर पुढे बोलू. पत्त्यावरच बोलायचे असेल तर माझ्याकडून चर्चा इथेच थांबली.