डिक्रिमेंट फॅक्टर कशाला लावायचा आणि कशाला नाही

जाड भिंतींवरच्या माझ्या लेखावर आलेली प्रतिक्रिया: "सर, अठरा इंची विटेच्या भिंतीचा डिक्रिमेंट फॅक्टर ०.११ असं तुम्ही लिहिलंत. नागपुरातल्या पश्चिमेच्या १२ चौ.मी. भिंतीला मी तो लावला, तर मे महिन्यातसुद्धा फक्त ५४ वॅट उष्णता आली. त्यावर एसी निवडला. आता तो थांबतच नाही. जाड भिंतीचं हे कौतुक पोकळ आहे."

डिक्रिमेंट फॅक्टर म्हणजे बाहेरच्या तापमानाचा चढउतार भिंत किती दाबते ते सांगणारा आकडा. ०.११ हा आकडा बरोबर आहे, पण तो ज्या संख्येला लावला ती चुकली. ५४ वॅट बहुधा असे आले: उन्हासकट धरलेलं बाहेरचं कमाल तापमान ५६ अंश, खोली २६, फरक ३०. त्याला यू-व्हॅल्यूने, म्हणजे एक अंश फरकाला दर चौरस मीटरमधून जाणाऱ्या उष्णतेने, इथे १.३७ ने, मग क्षेत्रफळाने आणि शेवटी ०.११ ने गुणलं. डिक्रिमेंट फॅक्टर मात्र पूर्ण फरकाला लागत नाही. तो लागतो फक्त दिवसभराच्या चढउताराला. दिवसाची सरासरी भिंतीतून जाताना जराही मंदावत नाही, ती यू-व्हॅल्यूच्या हिशोबाने पूर्ण आत येते. लेखात हे मी ठळकपणे लिहायला हवं होतं.

```
Q(t) = U × A × [ (Tm − Ti) + f × (Te(t − φ) − Tm) ]
```

यात Tm म्हणजे बाहेरच्या तापमानाची २४ तासांची सरासरी (ऊन धरून), Ti खोलीचं तापमान, Te त्या-त्या वेळचं बाहेरचं, f डिक्रिमेंट फॅक्टर आणि φ म्हणजे विलंब, बाहेरचा चढ आत पोचायला लागणारा वेळ. कंसातल्या पहिल्या पदापाशी f नाही, गोम तिथेच आहे.

तुमच्याच भिंतीवर हिशोब करू. सरासरी ४० अंश, दुपारी चारला कमाल ५६, म्हणजे चढ १६ अंशांचा. विटेची उष्णतावाहकता ०.८, घनता १८०० आणि विशिष्ट उष्मा ८८० धरला, तर अठरा इंची भिंतीचा विलंब सुमारे १४ तास येतो. सरासरीचा भाग: ४० वजा खोलीचे २६, म्हणजे १४ अंश; १.३७ × १२ × १४, म्हणजे साधारण २३० वॅट. हे रात्रंदिवस येतच राहणार. चढाचा भाग: १.३७ × १२ × ०.११ × १६, म्हणजे जेमतेम ३० वॅट, आणि तोही पहाटे सहाच्या सुमारास. कमाल भार झाला २६०, तुमच्या ५४ च्या जवळजवळ पाचपट. (पश्चिमेचं ऊन गुळगुळीत लाटेसारखं चढत नाही, तेव्हा हा हिशोब ढोबळच, पण इतक्या जाडीत ते टोकदार शिखर बाहेरच्या थरातच विरून जातं, म्हणून फार बिघडत नाही.)

आता "पोकळ" या शब्दाबद्दल. त्याच जागी नऊ इंची भिंत असती तर यू-व्हॅल्यू २.१९, फॅक्टर ०.४६, विलंब ७ तास. सरासरीचे सुमारे ३७० आणि चढाचे १९० मिळून ५६० वॅट, तेही रात्री अकराला, ऐन झोपायच्या वेळी. भिंतीची आतली बाजू अशा वेळी ३२ अंशांपर्यंत जाते आणि पलंगाशेजारी तिची धग अंगाला लागते. अठरा इंची भिंतीची आतली बाजू साडेअठ्ठावीसच्या आसपास राहते, दिवसभरात अर्ध्या-पाऊण अंशाने हलते. हा फरक खरा आहे. पण जाडी दुप्पट करून सरासरीचा भार चाळीसएक टक्क्यांनीच घटतो. त्यापुढे जाड भिंतीकडून अपेक्षा ठेवू नये.

उष्णतेच्या लाटेत तर सरासरीच चार-पाच दिवस चढत जाते. इतक्या संथ बदलाला अठरा इंच अडवत नाहीत, दोन-तीन दिवसांत तो बराचसा आत पोचतो. पहिले दोन दिवस घर छान वाटतं आणि नंतर एसी थांबेनासा होतो, ते यामुळे.

तुमचा भार कमी करायचा तर सरासरीवर हात घालावा लागेल. बाहेरून ५० मि.मी. थर्माकोलसारखं इन्सुलेशन आणि त्यावर जाळी मारून गिलावा केला, की यू-व्हॅल्यू ०.४६ वर येते आणि २३० चे साधारण ७७ वॅट होतात. हेच आतून पॅनेल ठोकून केलं तर सरासरी तेवढीच घटेल, पण विटेचं वजन खोलीपासून तुटेल. मग खिडकीतून आलेलं ऊन आणि माणसांची उष्णता शोषायला भिंत उरत नाही, आणि एसी बंद केल्यावर खोली झटकन तापते. फक्त संध्याकाळी दोन तास वापरायची खोली असेल तर मात्र आतलं पॅनेलच बरं. तिथे झटपट थंडावा हवा असतो.

खर्चाआधी एक तपासणी करा. एक पूर्ण दिवस एसी २६ वर ठेवा आणि दर दोन तासांनी इन्फ्रारेड थर्मामीटरने भिंतीचा आतला मध्य मोजा, खिडकीपासून आणि एसीच्या झोतापासून दूर. आकडा २८-२९ वर स्थिर असेल तर वरचा हिशोब तुमच्या भिंतीला लागू आहे. रात्री अकराच्या सुमारास ठळक चढ दिसला, तर भिंत सगळीकडे अठरा इंच भरीव नाही, कुठे तरी कोनाडा किंवा पातळ भराव आहे. आणि भिंत स्थिर असूनही दुपारी चारलाच एसी धापा टाकत असेल, तर आधी छत आणि खिडकी बघा. भिंतीतली दुपारची उष्णता दुपारी आत पोचूच शकत नाही.