महागाई खाली येते, गेलेली किंमत परत येत नाही

"पैसे कुठेच गुंतवले नाहीत, पण निदान बुडाले तरी नाहीत." हे वाक्य मी इतक्या वेळा आणि इतक्या समजूतदार माणसांकडून ऐकलंय, की आज त्यावर सविस्तर लिहायचं ठरवलं. पैसा जपून ठेवणाऱ्या माणसाबद्दल मला आदर आहे. कष्टाने साठवलेला पैसा जोखमीत घालायला मन धजत नाही, यात काहीच गैर नाही. पण "बुडाले नाहीत" हे त्या वाक्यातलं विधान मात्र खरं नाही. आणि त्यातला सर्वांत फसवा भाग असा, की महागाईची बातमी थंडावली की लोकांना वाटतं, आता आपलं नुकसान भरून निघालं.

ते भरून निघत नाही. हे सांगायला मला एक जुनं, पण आकड्यांनी अगदी स्वच्छ दिसणारं उदाहरण घ्यायचंय: १९७२ ते १९८३ या काळातली अमेरिका.

तिथल्या ग्राहक किंमत निर्देशांकाची वार्षिक सरासरी १९७२ मध्ये ४१.८ होती. निर्देशांक म्हणजे सामान्य कुटुंबाच्या खर्चाची एक ठरावीक टोपली घ्यायची आणि ती विकत घ्यायला दरवर्षी किती पैसे लागतात याची नोंद ठेवायची. आता समजा, त्या वर्षी कुणीतरी १०० डॉलर पाकिटात घालून कपाटात ठेवले. व्याज नाही, गुंतवणूक नाही, चोरीही झाली नाही.

१९७४ मध्ये महागाई ११ टक्क्यांवर गेली. तेलाचे भाव भडकले होते, सगळीकडे ओरड होती. १९७६ मध्ये दर सहा टक्क्यांच्या खाली आला, म्हणजे जवळजवळ निम्मा झाला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला असेल. पण जरा थांबून बघा: सहा टक्के म्हणजे भाव आणखी वाढतच होते, फक्त आधीपेक्षा सावकाश. १९७४ ची वाढ जागच्या जागी होती आणि तिच्यावर ही नवी वाढ चढत होती. पाकिटातल्या १०० डॉलरना या "सुधारणे"तून काहीही मिळालं नाही. त्यांची घसरण थोडी मंदावली, एवढंच.

मग १९८० आलं. त्या वर्षीची महागाई १३.५ टक्के. तिथल्या मध्यवर्ती बँकेचे अध्यक्ष पॉल व्होल्कर यांनी व्याजदर प्रचंड वाढवले, मंदी आली, बेकारी वाढली आणि त्या किमतीवर महागाई खरंच मोडली. १९८३ मध्ये दर ३.२ टक्के होता. धोरण म्हणून बघितलं तर हे मोठं यश होतं, आणि मी ते यशच मानतो.

पण कपाटातल्या पाकिटाचं काय? १९८३ चा निर्देशांक होता ९९.६. हिशोब एका ओळीचा आहे: ठेवलेली रक्कम, गुणिले ठेवलं त्या वर्षीचा निर्देशांक, भागिले आजचा निर्देशांक. १०० गुणिले ४१.८ भागिले ९९.६. उत्तर येतं साधारण ४२. पाकीट उघडलं तर आत पूर्ण १०० डॉलर, एकही नोट कमी नाही. पण त्यांत १९७२ च्या ४२ डॉलरइतकीच खरेदी होणार. अर्ध्याहून जास्त बचत गेली, आणि महागाई "आटोक्यात" आल्यावरही ती परत आली नाही.

हे सगळं समजून घेताना घोळ होतो तो दर आणि पातळी यांच्यात. बातमीत सांगतात तो दर असतो: गेल्या वर्षीपेक्षा भाव किती वाढले. आपल्या रोकडीची किंमत ठरते ती पातळीवरून: पैसे बाजूला ठेवले त्या दिवसापासून भाव एकूण किती वाढले. दर खाली येऊ शकतो, येतोच. पण गेलेली किंमत परत मिळायची तर भावांची पातळीच खाली यायला हवी. वरच्या उदाहरणात सगळे भाव सरासरी ५८ टक्क्यांनी उतरायला हवे होते. कुठलीही शहाणी मध्यवर्ती बँक असं होऊ देणार नाही, कारण इतके भाव कोसळले तर उत्पन्नं घटतील, धंदे बंद पडतील आणि कर्जदार बुडतील. आज अनेक देशांच्या मध्यवर्ती बँकांचं उद्दिष्ट वर्षाला दोन टक्क्यांच्या आसपास महागाई हे आहे. शून्य नाही, आणि उणे तर मुळीच नाही. शिवाय एखाद्या वर्षी उद्दिष्ट ओलांडून दर आठ टक्के झाला, तर पुढच्या वर्षी तो जाणूनबुजून दोनच्या खाली ओढून मागची भरपाई करायची, असंही सहसा केलं जात नाही. झालं ते झालं, इथून पुढे दोन टक्के.

म्हणजे पडून असलेल्या रोकडीच्या दृष्टीने सर्वांत चांगली परिस्थितीही तोट्याचीच आहे. दर वर्षी बरोबर दोन टक्के महागाई राहिली, धोरण शंभर टक्के यशस्वी झालं, तरी २० वर्षांनी १०० ची किंमत सुमारे ६७ उरते आणि ३५ वर्षांनी ५०. दर सहा टक्के असेल तर निम्मी किंमत जायला बाराच वर्षं पुरतात. नोकरीला लागल्यावर बाजूला टाकलेली रक्कम निवृत्तीला काढायची म्हटलं, तर हा काळ सहज भरतो.

मग हे आपल्याला टोचत का नाही? कारण आपण पैसा नोटेवरच्या आकड्यात मोजतो. १९९७ मध्ये एल्डर शफीर, पीटर डायमंड आणि एमोस ट्वर्स्की या तिघांनी नेमका हाच विषय अभ्यासला. त्यांनी लोकांना तीन माणसांची गोष्ट सांगितली. तिघांनी दोन लाख डॉलरला घर घेतलं आणि वर्षभराने विकलं. पहिल्याच्या वेळी सगळे भाव २५ टक्क्यांनी उतरले होते आणि त्याचं घर २३ टक्के कमी किमतीला गेलं. दुसऱ्याच्या वेळी भाव स्थिर होते आणि त्याला एक टक्का कमी मिळाले. तिसऱ्याच्या वेळी भाव २५ टक्क्यांनी वाढले होते आणि त्याचं घर २३ टक्के जास्त किमतीला गेलं. विचारलं, सर्वांत चांगला व्यवहार कुणाचा?

खरेदीच्या ताकदीत मोजलं तर फायदा एकट्या पहिल्याचा झाला. त्याच्या हातात पैसे कमी आले, पण बाकी सगळं त्याहून जास्त स्वस्त झालं होतं. सर्वांत जास्त नुकसान तिसऱ्याचं. पण जवळजवळ निम्म्या लोकांनी क्रम लावला तो उलटा: तिसरा पहिल्या क्रमांकावर, पहिला शेवटच्या. हातात आलेला आकडा डोळ्यांना दिसतो, भावांशी केलेली तुलना मनात करावी लागते, आणि ती आपण करत नाही. पडून असलेल्या रोकडीचा आकडा तर हलतच नाही, त्यामुळे संशय यायलाही जागा नसते. शेअर दहा टक्के पडला की झोप उडते. तेवढीच किंमत दोन वर्षांत रोकडीतून गेली, तर कुणी चौकशीसुद्धा करत नाही. या असमान भीतीने सामान्य बचतदाराचं फार नुकसान केलंय, असं माझं ठाम मत आहे.

इथे कुणीतरी म्हणेल, माझे पैसे कपाटात नाहीत, बँकेत आहेत. चांगलं आहे, पण व्याज बघा. त्याच सत्तरच्या दशकात अमेरिकेत बचत खात्याच्या व्याजावर सरकारी कमाल मर्यादा होती, साधारण पाच-सव्वापाच टक्के. १३.५ टक्के महागाईच्या वर्षी अशा खात्यातली बचत खऱ्या किमतीत सात टक्क्यांहून जास्त घटली, आणि तरी पासबुकात शिल्लक वाढलेली दिसत होती. आजही हिशोब तसाच करायचा. व्याज तीन टक्के आणि महागाई पाच टक्के असेल तर १०३ ला १.०५ ने भागा: ९८.१. जवळजवळ दोन टक्के तोटा. त्यात बहुतेक ठिकाणी कर लागतो तो आकड्यातल्या पूर्ण व्याजावर. त्या व्याजातलं किती महागाईने आधीच खाल्लंय, हे कर लावताना बघितलं जात नाही. सहा टक्के व्याज, त्यावर वीस टक्के कर, हातात ४.८, महागाई पाच टक्के असेल तर व्याज मिळूनही तुम्ही किंचित मागेच.

आणि ही गेलेली किंमत हवेत विरत नाही. नोट म्हणजे मध्यवर्ती बँकेने तुम्हाला देणं असलेलं, बिनव्याजी आणि बिनमुदतीचं कर्ज. ठरलेल्या आकड्याचं देणं ज्याच्या डोक्यावर आहे, त्याचं ओझं महागाईत हलकं होतं. त्यात सरकार येतं आणि ठरावीक व्याजाने दीर्घ मुदतीचं कर्ज घेतलेला माणूसही येतो. ज्याचं येणं आहे त्याच्याकडून ते जातं. रोकड धरून बसणारा माणूस कायम या दुसऱ्या बाजूला असतो, आणि त्याला भरपाई म्हणून व्याजही मिळत नाही.

दोन मर्यादा सांगायलाच हव्यात. भाव खरंच उतरत असतील तर पडून असलेली रोकड जास्त खरेदी करते. जपानमध्ये १९९० च्या दशकाच्या शेवटापासून बरीच वर्षं भाव हळूहळू घसरत होते, तेव्हा तिथे रोकड धरून ठेवणाऱ्यांचं यामुळे नुकसान झालं नाही. दुसरं म्हणजे सरकारी निर्देशांकाची टोपली सरासरी कुटुंबाची असते. तुमच्या खर्चात भाडं, औषधं किंवा शिक्षण यांचा वाटा मोठा असेल आणि नेमकं तेच जास्त महाग होत असेल, तर तुमचं खरं नुकसान निर्देशांक सांगतो त्यापेक्षा जास्त आहे.

सगळी रोकड वाईट, असं मी म्हणत नाही. काही महिन्यांचा घरखर्च लगेच हाताशी असणं गरजेचं आहे, आणि त्यावर वर्षाला जी किंमत जाते ती तयारीची फी समजून द्यावी. प्रश्न त्याच्या वरच्या रकमेचा आहे. ती किती वर्षांपासून पडून आहे ते आठवा, त्या वर्षीचा आणि आजचा निर्देशांक शोधा. दोन्ही एकाच आधार वर्षाचे, म्हणजे ज्या वर्षाची पातळी १०० धरतात त्या एकाच वर्षावरून मोजलेले आहेत ना, हे मात्र नक्की बघा, कारण मालिका बदलली असेल तर थेट भागाकार चुकीचं उत्तर देईल. मग आजचा निर्देशांक जुन्याने भागून मूळ रकमेला गुणा. नुसतं जिथे होतो तिथे राहण्यासाठी आज किती रक्कम हवी होती, ते कळेल. त्यातून आजची शिल्लक, व्याज धरून, वजा करा. उरलेला आकडा कागदावर लिहा आणि घरात जे कुणी पैशाचे निर्णय घेतात त्यांना दाखवा.