हाताला कोरडं, शिवणीत ओलं: एका प्रतिक्रियेला उत्तर

«तुमचा लेख वाचून मी भिजलेली सात पुस्तकं उन्हात न ठेवता पंख्याखाली सावलीत वाळवली. चार दिवसांनी हाताला कोरडी लागली म्हणून कपाटात लावली. दहा दिवसांनी पाहते तर जाड शब्दकोशाच्या शिवणीत हिरवट बुरशी, आणि चित्रांच्या पुस्तकाची पानं चिकटून नुसती वीट झालेली. आमची आजी पुस्तकं दोन दिवस कडक उन्हात टाकायची, तिच्या पुस्तकांना कधी बुरशी आली नाही. आणि फ्रीजरचा सल्ला वाचून तर हसूच आलं. पाण्याचा बर्फ झाला की तो फुगतो, मग कागद फाटणार नाही का? करून पाहिल्याशिवाय असं लिहू नये.»

तुमचं नुकसान झालं याचं मनापासून वाईट वाटतं. त्यात माझ्या लेखाचा दोष आहे. सावलीत वाळवा, पंखा लावा, एवढं मी लिहिलं. पण पुस्तक खरोखर वाळलं हे कसं ओळखायचं, ते लिहायचं राहून गेलं. तुमच्या शब्दकोशाचं तिथेच बिघडलं.

बांधीव पुस्तक कडेकडून वाळत जातं. पानांच्या तिन्ही मोकळ्या कडांना हवा लागते, शिवणीकडे लागत नाही. तिथे घट्ट दाबलेला कागद, दोरा, सरस आणि वरून पुठ्ठा, त्यामुळे पाणी सगळ्यात शेवटी तिथून जातं. कडा चौथ्या दिवशी कोरड्या लागतात, तेव्हा आत ओल असतेच. असं पुस्तक मिटून बंद कपाटात ठेवलं की उरलेली ओल आतल्या आत पसरते. बुरशीला एवढं पुरतं. उबदार, दमट हवेत तर ती ४८ तासांतही दिसू लागते.

कोरडेपणा ओळखायच्या दोन रीती सांगते. पुस्तक मधोमध उघडून शिवणीजवळचा कागद गालाला लावा. बोटांना जे कळत नाही ते गालाला कळतं: पाणी उडून जात असेल तर कागद गार लागतो. गार लागला म्हणजे ओला. दुसरी रीत वजनाची. एकदा आमच्या भिंतीतला नळ फुटून शेल्फच्या खालच्या फळीवरची पुस्तकं भिजली होती. त्यातल्या नऊशे पानी ग्रंथाचं वजन पहिल्या दिवशी २ किलो ३०० ग्रॅम भरलं. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर रोज सकाळी वजन करून लिहून ठेवायची. पाचव्या दिवशी तो हाताला कोरडा लागत होता, पण वजन अजून १ किलो ६५० होतं आणि रोज उतरत होतं. १ किलो ४२० वर येऊन ते सलग तीन दिवस हललं नाही, तेव्हा सोळावा दिवस होता. पाचव्या दिवशी थांबले असते तर पाव किलोच्या जवळपास पाणी पुस्तकासकट कपाटात गेलं असतं. अर्थात खोलीच दमट असेल तर वजन थांबलं तरी भागत नाही. हवेतली आर्द्रता ६५ टक्क्यांवर राहिली तर कागद तेवढी ओल धरून ठेवतो आणि बुरशीचा धोका टळत नाही. अशा वेळी आर्द्रता शोषणारं यंत्र लावावं लागतं, नाहीतर कोरड्या खोलीत हलवावं लागतं.

त्या ग्रंथाचं मी काय केलं तेही सांगते. पहिल्या दिवशी तो इतका जड होता की उभा केला असता तर स्वतःच्या ओझ्याने शिवण सुटली असती, म्हणून आडवाच ठेवला. दर वीस-पंचवीस पानांमागे एक कोरा टिपकागद, अगदी शिवणीपर्यंत सरकवून. छापील वर्तमानपत्र वापरू नका, त्याची शाई उतरते. घातलेल्या कागदांची एकूण जाडी पुस्तकाच्या जाडीच्या पावपट झाली की थांबायचं. त्याहून जास्त कोंबलं तर पाठ कायमची फाकते. पहिले दोन दिवस दर तीन-चार तासांनी कागद बदलले. ठिबकणं थांबल्यावर पुस्तक उभं करून पानं किंचित फाकवली आणि दर वेळी वरची बाजू खाली केली, कारण पाणी खाली उतरतं. पंखा पुस्तकावर रोखला नाही, खोलीतली हवा खेळती राहील असा ठेवला.

पानांच्या लाटांचा प्रश्न इथेच येतो. ओल्या कागदाचे तंतू फुगतात आणि वाळताना आक्रसतात. कडा आधी आक्रसल्या, मधला भाग मागे राहिला, की लाट पडते. म्हणून गालाला जेमतेम गार लागतं त्या टप्प्यावर पुस्तक मिटून, पानं सरळ करून, कोऱ्या कागदात धरून सपाट फळीखाली वजन देऊन ठेवायचं आणि रोज उघडून पाहायचं. ओलं असतानाच दाबलं तर आत बुरशी, पूर्ण वाळल्यावर दाबलं तर लाट तशीच.

तुमच्या आजींचं चुकलं असं मी म्हणणार नाही. उन्हाने कागद झपाट्याने वाळतो आणि बुरशीला वेळच मिळत नाही. पातळ, साध्या कागदाच्या पुस्तकांना ते सोसतंही. जाड बांधणीत मात्र पुठ्ठे धनुष्यासारखे वाकतात, सरस तडकतो, कागद पिवळा पडतो.

आता ती वीट. चित्रांच्या पुस्तकाचा गुळगुळीत कागद म्हणजे साध्या कागदावर पांढऱ्या मातीचा लेप, आणि तो लेप धरून ठेवायला चिकट द्रव्य. भिजल्यावर ते मऊ होतं आणि दोन पानं लागून असतील तर वाळताना जोडली जातात. एकदा जोडलेली सहसा सुटत नाहीत. सुरी घालू नका, छपाई निघून येईल. अशी पुस्तकं ओली असतानाच प्रत्येक पानात मेणकागद घालून वाळवावी लागतात, आणि तेवढी सवड नसेल तर फ्रीजर.

फ्रीजर पुस्तक वाळवायला नाही, वेळ थांबवायला आहे. ओल्या कागदाचे तंतू आधीच फुगलेले असतात आणि त्यांच्यामध्ये हवेच्या जागा असतात. बर्फाचा फुगवटा त्यात सामावतो, फार तर पुस्तक किंचित जाड होतं. १९६६ च्या पुरात फ्लोरेन्सच्या राष्ट्रीय ग्रंथालयातली पुस्तकं भिजली, तेव्हा बरीच तंबाखू सुकवायच्या भट्ट्यांत वाळवली गेली. १९७२ साली अमेरिकेतल्या कॉर्निंग काच-संग्रहालयात पूर शिरला, तेव्हा मात्र तिथल्या ग्रंथालयाची भिजलेली पुस्तकं गोठवून ठेवली. घरी शंभर पुस्तकं एकदम भिजली तर आपल्यालाही हेच जमतं. मेणकागदात सैल गुंडाळायची, पाठ खाली करून उणे १८ अंशांच्या फ्रीजरमध्ये ठेवायची आणि दोन-दोन बाहेर काढून वाळवायची. मी तशीच वाळवली.

शब्दकोश अजून वाचू शकतो. आजच पिशवीत घालून इतर पुस्तकांपासून वेगळा करा आणि फ्रीजरमध्ये ठेवा. थंडीने बुरशी मरत नाही, पण वाढ थांबते. सवडीने काढून वजन थांबेपर्यंत वाळवा. ओली बुरशी पुसू नका, ती कागदात घासली जाते. पूर्ण वाळून तिची भुकटी झाली की घराबाहेर, एन-९५ मास्क लावून, मऊ ब्रशने शिवणीतून बाहेरच्या दिशेने झटका. हिरवट डाग राहील. बाकीची पाच पुस्तकं आजच कपाटातून काढून गालाला लावून पाहा.