परदेशातून : ‘साधेपणाने’ एवढं लिहून भागत नाही

“आमच्या ग्रामस्थ मंडळातल्या एका सभासदाच्या आई वारल्या. प्रार्थनासभेची सूचना काढायचीय. वेळ, ठिकाण आणि ‘साधेपणाने करा’ ही घरच्यांची विनंती, बस्स. मागच्या एका सभेला तसं लिहूनही मांडव पडला, फ्लेक्स लागले, पंगत उठली. तिकडे तुम्ही कसं लिहिता?” — सहचिटणीस, गुहागर तालुका

इंग्लंडात साधेपणा बराचसा घड्याळच करून घेतं. क्रेमेटोरियममध्ये अर्ध्या-पाऊण तासाची वेळ मिळते, पुढचं कुटुंब बाहेर येऊन थांबलेलं असतं, आणि भाषण लांबवणाऱ्याला दारात उभा असलेला कर्मचारी आपसूक दिसतो. सूचनेत फुलांबद्दल मात्र तीन शब्द हमखास असतात, ‘फॅमिली फ्लॉवर्स ओन्ली’. फुलं फक्त घरच्यांची, बाकीच्यांनी आणू नयेत. यात ‘साधेपणा’ हा शब्दच नाही, फुलं हा शब्द आहे. म्हणून कुणाला तो टोमणा वाटत नाही आणि कुणी आपल्या सोयीचा अर्थही काढत नाही.

उचलायचं ते एवढंच. बाकीचं इकडचं तिकडे चालणार नाही. इकडे मृत्यू आणि अंत्यसंस्कार यांत दोन-तीन आठवडे सहज जातात, तेवढ्यात कार्डं छापून होतात. कोकणात त्याच दिवशी सगळं उरकतं आणि यायचे ते सूचनेविना येऊन जातात. त्यामुळे प्रार्थनासभा हे दुसऱ्यांदा जमणं असतं. ज्यांना आधी पोचता आलं नाही ते येतात, आणि रिकाम्या हाती कसं यायचं हा प्रश्न घेऊनच येतात. सूचनेनं उत्तर द्यायचं ते या प्रश्नाला.

आधी वेळ. समजा, निधन मंगळवारी ४ नोव्हेंबर २०२५ ला झालं. गेलेला दिवस पहिला धरला तर तेरावा येतो रविवारी, १६ तारखेला. कुणी दुसऱ्या दिवसापासून मोजलं तर सोमवार, १७. सूचनेत नुसतं ‘तेराव्या दिवशी’ लिहिलं की दोन-चार माणसं सोमवारी येऊन बंद दारापुढे उभी राहतात, आणि ती बहुधा सगळ्यात लांबून आलेली असतात. म्हणून वार आणि तारीख लिहा. तेरावा हा शब्द घरच्या विधींपुरता ठेवा.

रविवार मुंबईकरांना सोयीचा. विधी आणि घरचं जेवण दुपारपर्यंत चालतं, तेव्हा चार वाजता सभा ठीक. पण नुसतं ‘चार वाजता’ नको, ‘चार ते पाच’ लिहा. संपण्याची वेळ नसली की मंडळी साडेचारला उगवतात आणि पहिलं भाषण साडेपाचला संपतं. नोव्हेंबरात सहाच्या सुमारास अंधारतं. रत्नागिरीकडून येणारी माणसं जयगडहून फेरीबोटीनं तवसाळला उतरलेली असतात, त्यांना परतीची बोट गाठायची असते. बोट चुकली तर गाडीला आतून मोठा वळसा. त्या दिवशीची शेवटची फेरी जेटीवर विचारून मगच वेळ पक्की करा.

परदेशातल्यांसाठी एक ओळ हवी, ती हिशोब करून. विलायतेतली घड्याळं ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी तासभर मागे जातात. उन्हाळ्यात भारताशी साडेचार तासांचा फरक असतो, हिवाळ्यात साडेपाच. म्हणजे १६ नोव्हेंबरला तुमचे दुपारचे चार म्हणजे लंडनचे सकाळचे साडेदहा. जुना साडेचारचा हिशोब धरून कुणी साडेअकराला जोडला गेला, तर तुमच्याकडे पाच वाजलेले असतील आणि पडद्यावर खुर्च्या उचलणारी पोरं दिसतील. दुबई-मस्कतला दुपारचे अडीच, न्यू जर्सीला पहाटेचे साडेपाच.

ठिकाणाच्या बाबतीत अनेक मंडळं घाईत ‘देवळाच्या सभामंडपात’ लिहून टाकतात. घरच्यांचं सुतक नेमकं कधी फिटतं यावर एकाच वाडीत दोन मतं असतात. कुणी बाराव्याला मोकळं मानतं, कुणी तेराव्याचं गोड झाल्याशिवाय देवळाची पायरी चढत नाही. सभा ज्यांच्यासाठी, तेच बाहेर उभे राहायला नकोत. मानकऱ्यांना विचारल्याशिवाय देऊळ नको. जिल्हा परिषदेची शाळा रविवारी रिकामी असते. मुख्याध्यापकांची आणि शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी घ्या, आणि किल्ली शनिवारीच ताब्यात घ्या. शाळेतली बाकं पोरांच्या मापाची असतात, गुडघे धरलेल्या आजोबांना त्यांत बसता येत नाही आणि खाली सतरंजीवर बसलं की उठता येत नाही. वीस-पंचवीस प्लास्टिकच्या खुर्च्या मागवणं हा थाट नव्हे.

दुबईतला भाचा म्हणेल, “लोकेशन टाका की, एवढं लिहायचं कशाला?” त्याचं निम्मं बरोबर आहे. बाहेरून गाडी घेऊन येणाऱ्याला लोकेशन लागतंच. पण ती खूण पुष्कळदा वरच्या डांबरी रस्त्यावर पडते आणि शाळा असते पाखाडी उतरून खाली. नेटवर्कही वरच्या वळणावरच सुटतं. म्हणून एक वाक्य लिहा: एस.टी. थांब्यावर उतरून डाव्या हाताची पाखाडी, गाड्या वर मैदानात. आणि त्या पाखाडीच्या तोंडाशी एक मुलगा उभा करा.

आता मुख्य विनंती. इथे बहुतेक सूचना नम्र होतात आणि निरुपयोगी ठरतात. ‘सभा साधेपणाने होईल’ हे वाक्य वाचून मांडववाल्याला वाटतं आपला मांडव साधाच आहे. फ्लेक्सवाल्याला वाटतं एकच फ्लेक्स म्हणजे साधेपणा, आणि त्या एका फ्लेक्सवर गेलेल्या माऊलीपेक्षा श्रद्धांजली वाहणाऱ्यांचे चेहरे जास्त. काकूंना वाटतं भजन बंद. त्या विचारणारच, “म्हणजे आमच्या ह्यांच्या वेळी भजनी मंडळाला जेवू घातलं ते चुकलं होय?” त्यांना कुणी चूक म्हटलेलं नसतं, पण शब्दच असा ढिला की ज्याला जिथे टोचायचं तिथे टोचतो. त्यापेक्षा वस्तूंची नावं घ्या. हार, पुष्पचक्र, फ्लेक्स, दुखवट्याचा आहेर आणू नये. घरून आणलेलं एखादं फूल चालेल.

चहा मात्र ठेवा. तुमच्याकडे फेरीबोट करून आलेल्या माणसाला कोरडं पाठवणं बरं नाही, आणि ‘चहापानाची व्यवस्था नाही’ ही ओळ गावाच्या वर्षभर लक्षात राहते. चहा मंडळाचा, जेवण नाही, आणि चूल घरच्यांच्या दारात पेटणार नाही, असं उघड लिहा. ‘जेवण नाही’ एवढंच लिहिलं की शेजारची बाई आपल्या घरी पिठलं-भात टाकते, आणि मग तिच्याकडे पंगत बसते.

बोलणारे तीन, प्रत्येकी चार मिनिटं. नावं आधी ठरवून सूचनेतच घाला, म्हणजे सभेत कुणी हात वर केला तर सूत्रसंचालकाला वाईटपणा घ्यावा लागत नाही. इतरांसाठी दारात दोनशे पानी वही आणि दोन पेनं. पुढारी आले तर त्यांनाही वहीच. हे तोंडानं सांगणं कठीण असतं, सूचनेत छापलेलं असलं की सोपं जातं. शेवटी पसायदान, कारण ते सुरू झालं की सभा संपली हे कुणाला सांगावं लागत नाही.

‘फुलांऐवजी देणगी’ ही इकडची ओळ मात्र सावधपणे घ्या. इकडे पैसे बहुधा नोंदणीकृत संस्थेकडे जातात. तुमच्याकडे दारात डबा ठेवला की संध्याकाळपर्यंत ‘डब्यात किती जमले?’ हीच चर्चा. मंडळाचा ठराव आणि पावतीपुस्तक नसेल तर ही ओळ गाळाच.

दोन गोष्टींवर मंडळात वाद होईल, त्या मला इथून सोडवता येणार नाहीत. पहिली, नावामागे काय लावायचं. जुने चिटणीस ‘गं. भा.’ लिहितील, कारण तीस वर्षं तेच लिहिलं. हेरवाड ग्रामपंचायतीनं २०२२ मध्ये विधवा प्रथांविरुद्ध ठराव केला, आणि पुढच्याच वर्षी ‘विधवा’ऐवजी ‘गंगा भागीरथी’ म्हणावं या मंत्र्यांच्या सूचनेवर राज्यभर वाद झाला. तेव्हापासून ही दोन अक्षरं निमूटपणे वाचली जात नाहीत. मी ‘श्रीमती’ लिहीन. पण खुद्द मुलीलाच आईच्या नावामागे गं. भा. हवं असेल तर? तिथे चिटणीसानं किती बोलावं, हे मला ठरवता आलेलं नाही. दुसरी गोष्ट कॅमेरा. थेट दाखवायचं तर परदेशातल्यांची सोय होते, पण रडणाऱ्या घरच्यांवर फोन रोखला जातो. कॅमेरा फोटो आणि बोलणाऱ्यापुरता ठेवा असं मी सुचवीन. घरच्यांना तेही नको असेल तर परदेशातल्यांची ओळ काढून टाका.

मसुदा असा होईल:

“आपले सभासद श्री. … यांच्या मातोश्री श्रीमती … यांचे मंगळवार, दि. ४ नोव्हेंबर २०२५ रोजी निधन झाले. प्रार्थनासभा रविवार, दि. १६ नोव्हेंबर रोजी दुपारी ४ ते ५, जिल्हा परिषद शाळेत. एस.टी. थांब्यावरून डावीकडची पाखाडी, वाहने वर मैदानात. सभा ठीक चारला सुरू होईल. दोन अभंग, तिघांचे मनोगत (श्री. …, श्रीमती …, श्री. …), पसायदान. इतरांनी आठवणी वहीत लिहाव्यात. हार, पुष्पचक्र, फ्लेक्स, आहेर आणू नये ही कुटुंबीयांची विनंती. चहा मंडळातर्फे, भोजन नाही, घरच्यांच्या दारात चूल पेटणार नाही. परदेशस्थांसाठी: लंडन सकाळी १०.३०, दुबई दुपारी २.३०. — चिटणीस”

‘आप्तेष्ट’, ‘कृपाभिलाषी’ काही नको. आणि ही सूचना गुरुवारी रात्रीच्या आत मुंबईत पोचवा, कारण शनिवारच्या गाडीचं चिपळूणचं तत्काळ तिकीट शुक्रवारी सकाळी उघडतं आणि बघता बघता संपतं.