चिनी खोलीने काय सिद्ध झालं आणि काय नाही

फिरत असलेला मजकूर असा: «1980 साली जॉन सर्ल या तत्त्वज्ञाने सिद्ध करून दाखवलं की यंत्र कधीच विचार करू शकणार नाही. बंद खोलीत एक माणूस बसलाय, त्याला चिनी येत नाही. नियमांचं पुस्तक बघून तो आलेल्या चिनी चिठ्ठ्यांना बरोबर चिनी उत्तरं देतो. माणसाला काही कळत नाही, मग खोलीला काय कळणार? संगणक म्हणजे हीच खोली. संगणकातल्या वादळाने कोणी भिजत नाही, तशीच संगणकातली समजही खोटी. चिन्हांच्या खेळातून अर्थ निघत नाही. विषय संपला.»

सर्ल असं म्हणालाच नाही

सुरुवात इथून करायला हवी, कारण पुढचा सगळा गोंधळ इथेच सुरू होतो. खोलीचा हा युक्तिवाद सर्लने ज्या निबंधात मांडला, त्याच्याच शेवटी प्रश्न येतो: यंत्र विचार करू शकेल का? त्याचं उत्तर आहे, अर्थातच हो, कारण आपण स्वतः तशीच यंत्रं आहोत. माणसाने बनवलेलं यंत्रही विचार करू शकेल हे तो मान्य करतो. त्याचा नकार एकाच गोष्टीला आहे: निव्वळ योग्य प्रोग्रॅम चालतोय एवढ्याच कारणाने समज तयार होते, या कल्पनेला. मेंदूत जी कारक शक्ती, म्हणजे समज प्रत्यक्ष घडवून आणणारी ताकद आहे, ती यंत्रातही असेल तर ते यंत्र विचार करेल, असं त्याचं मत होतं.

ही शक्ती नेमकी कशात आहे, हे मात्र त्याने कधीच नीट सांगितलं नाही. त्या निबंधासोबत छापलेल्या प्रतिक्रियांमध्ये मनाचा अभ्यास करणाऱ्या झेनॉन पिलिशिनने याच दुखऱ्या जागेवर बोट ठेवलं. समजा तुमच्या मेंदूतली एकेक पेशी काढून तिच्या जागी तेच काम बिनचूक करणारी चिप बसवत गेलो. बाहेरून काहीच बदलणार नाही, तुम्ही आत्ता बोलता तसंच बोलत राहाल. सर्ल बरोबर असेल तर कुठल्यातरी टप्प्यावर तुमच्या बोलण्यातला अर्थ निघून गेलेला असेल आणि ते कोणाच्या लक्षातही येणार नाही. पुढे डेव्हिड चाल्मर्स या तत्त्वज्ञाने हाच धागा जाणिवेपर्यंत नेला. लाल रंगाचा अनुभव एका पेशीच्या बदलाने एकदम विझतो म्हणावं, तर ते विचित्र आहे. हळूहळू फिकट होत जातो म्हणावं, तर समोर लालभडक दिसतंय असं ठामपणे सांगणारा माणूस स्वतःच्याच अनुभवाबद्दल साफ चुकत असतो. चाल्मर्सला दोन्ही पर्याय पटले नाहीत. सर्लने मात्र दुसऱ्या पर्यायासारखी एक शक्यता गंभीरपणे मांडली: आतून मला ओरडायचंय की मला दिसेनासं झालंय, पण माझ्याच तोंडून आवाज येतोय की सगळं छान दिसतंय. ही कल्पना मला भयंकर वाटते, पण अशक्य आहे असं म्हणता येत नाही. म्हणून मी हा मुद्दा मिटला असं कोणाच्याच बाजूने म्हणणार नाही.

आतल्या माणसाला कळत नाही, यातून काय निघतं?

युक्तिवादाचा सगळा भार इथे आहे, म्हणून जरा थांबून बघू. सर्लच्या डोळ्यांसमोर येल विद्यापीठातल्या रॉजर शँकचे गोष्टी समजून घेणारे प्रोग्रॅम होते. निबंधातलं उदाहरण असं: एक माणूस हॉटेलात जातो, हॅम्बर्गर मागवतो. येतो तो जळून कोळसा झालेला. माणूस रागाने निघून जातो, पैसे देत नाही, टीपही ठेवत नाही. प्रश्न: त्याने हॅम्बर्गर खाल्ला का? गोष्टीत तसं कुठे लिहिलेलं नाही, पण आपण लगेच नाही म्हणतो. शँकच्या प्रोग्रॅममध्ये हॉटेलात जाण्याची एक ठरलेली पटकथा भरलेली असे: आत जाणं, मागवणं, खाणं, पैसे देणं, बाहेर पडणं. गोष्टीतली वाक्यं या पटकथेच्या रिकाम्या जागांत बसवायची आणि जे लिहिलेलं नाही ते तिच्यावरून भरून काढायचं.

अशा पटकथेला समज म्हणायला मीही तयार नाही. जळलेल्या पदार्थाऐवजी वेटरलाच भोवळ आली की ती कोलमडते. शँकच्या प्रोग्रॅमबद्दल सर्लचं निदान बरोबरच होतं. पण मजकुरात दावा सगळ्या यंत्रांबद्दल केलाय, आणि तिथे माणसाकडून खोलीकडे मारलेली उडी तपासावी लागते. खोलीत माणूस, पुस्तक, टिपणांचे कागद आणि आधीच्या चिठ्ठ्यांच्या नोंदी, असं सगळं मिळून उत्तर तयार होतं. माणसाचं काम त्यात फक्त हात चालवण्याचं. तुमच्या मेंदूतल्या कुठल्याही एका पेशीला मराठी येत नाही, म्हणून तुम्हाला येत नाही असं कोणी म्हणत नाही.

सर्लला हा आक्षेप ठाऊक होता आणि त्याचं उत्तर चतुर होतं. माणसाने अख्खं पुस्तक पाठ करावं, सगळी आकडेमोड मनातच करावी, खोली सोडून मोकळ्या मैदानात बसावं. आता त्याच्याबाहेर काहीच उरलं नाही, आणि त्याला अजूनही चिनी कळत नाही. यावर डेव्हिड कोल या तत्त्वज्ञाचं प्रत्युत्तर मला वजनदार वाटतं: एकाच डोक्यात दोन मनं चालू शकतात. नियम पाळणारा माणूस एक, आणि ते नियम चालल्यामुळे जे चिनी बोलतंय ते दुसरं. चिनी बोलणाऱ्याला विचारलं तर त्याचं गाव, त्याच्या आवडीनिवडी, त्याच्या आठवणी सगळ्या वेगळ्या निघतील. «मला चिनी कळत नाही» ही पहिल्याची साक्ष आहे, दुसऱ्याबद्दल ती काहीच सांगत नाही. दुसरं मन खरोखर असतं हे यातून सिद्ध होत नाही. ते नाही हे सर्लने दाखवलेलं नाही, एवढं मात्र नक्की होतं.

आणखी एक गोष्ट. खोलीचं चित्र पटतं कारण आपण एक माणूस, एक जाडजूड पुस्तक आणि थोडी धावपळ एवढंच डोळ्यांसमोर आणतो. प्रत्यक्ष हिशेब करून बघू. आजचं एखादं लहानसं भाषा-मॉडेल 700 कोटी पॅरामीटरचं, म्हणजे आत साठवलेल्या तितक्या आकड्यांचं असतं. एक शब्दखंड, म्हणजे शब्द किंवा त्याचा तुकडा, काढायला त्याला ढोबळमानाने 1400 कोटी गुणाकार-बेरजा कराव्या लागतात. खोलीतल्या माणसाने सेकंदाला एक क्रिया केली, जेवण-झोप काहीही न घेता, तर एका शब्दखंडाला सुमारे 440 वर्षं लागतील. एक साधं वाक्य पुरं व्हायला हजारो वर्षं. अशा यंत्रणेत समज असेल की नसेल याबद्दल तुमच्या-माझ्या अंतर्ज्ञानाला काय किंमत? पॉल आणि पॅट्रिशिया चर्चलंड या तत्त्वज्ञ दांपत्याने 1990 मध्ये याला जोड दिली. अंधाऱ्या खोलीत हाताने लोहचुंबक हलवत बसलात तर उजेड दिसणार नाही. म्हणून प्रकाश म्हणजे विद्युतचुंबकीय लहरी हा मॅक्सवेलचा सिद्धांत खोटा पडत नाही. हात फार हळू हलतोय, एवढंच. यावर सर्लचं म्हणणं असं की प्रकाश ही भौतिक कारणाची गोष्ट आहे, चिन्हांना स्वतःची अशी भौतिक शक्ती नसते. म्हणणं दुर्लक्ष करण्याजोगं नाही. पण मग वाद खोलीतल्या माणसाचा राहत नाही, चिन्हांचा होतो.

वादळ भिजवत नाही, पण बेरीज?

संगणकातलं वादळ भिजवत नाही हे खरंच. पण संगणकाने केलेली बेरीज खोटी बेरीज नसते. त्याने खेळलेली बुद्धिबळाची खेळीही खरीच खेळी असते. काही गोष्टी द्रव्यात असतात, काही रचनेत, आणि रचनेतल्या गोष्टींची हुबेहूब नक्कल म्हणजे तीच गोष्ट. समज यातल्या कुठल्या प्रकारात बसते, हाच तर प्रश्न आहे. वादळाचं उदाहरण त्याचं उत्तर आधीच गृहीत धरतं.

इथे समज आणि जाणीव वेगळ्या करायला हव्यात, मजकुरात त्या एकत्र कालवल्यात. गोष्टीतून न सांगितलेलं काढता येणं हे मला बरंचसं बेरजेसारखं वाटतं. दाढ दुखताना जे होतं ते कदाचित वादळासारखं असेल. एकाबद्दलचा निकाल दुसऱ्याला लावता येत नाही.

चिन्हांतून अर्थ

सर्लचा सगळ्यात टिकाऊ मुद्दा हाच आहे. मनाचा अभ्यास करणाऱ्या स्टेव्हन हार्नाडने 1990 मध्ये तो असा मांडला: चिनी अजिबात न येणाऱ्याने चिनी-चिनी शब्दकोशातूनच चिनी शिकायचं ठरवलं, तर एका अनाकलनीय शब्दावरून दुसऱ्यावर असा तो फिरतच राहील. कुठेतरी चिन्ह जगाला टेकलं पाहिजे. हे मला मान्य आहे. पण हार्नाडने यातून यंत्राला अर्थ अशक्य असा निष्कर्ष काढला नाही. जाणून घेणाऱ्या, वस्तू ओळखणाऱ्या इंद्रियांशी चिन्हं जोडा, असा मार्ग त्याने सुचवला. सर्लला तोही पुरेसा वाटला नसता: कॅमेऱ्यातून आलेलं चित्र आतल्या माणसाला आणखी काही आकडे म्हणूनच मिळेल. पण हे पुन्हा आतल्या माणसाकडेच बोट दाखवणं झालं.

आणि निव्वळ चिन्हांतून किती मिळू शकतं, याचं एक जवळून बघण्यासारखं उदाहरण 2022 चं आहे. संशोधकांनी एका मॉडेलला ऑथेलो या खेळाच्या फक्त खेळ्यांच्या याद्या दिल्या. 64 घरांचा पट आहे, सोंगट्या दोन रंगांच्या असतात, यातलं काहीही सांगितलं नाही. तरी मॉडेलच्या आत कुठल्या घरात कोणाची सोंगटी आहे याचं चित्र तयार झालेलं सापडलं. संशोधकांनी ते आतलं चित्र मुद्दाम बदललं, तेव्हा मॉडेल बदललेल्या पटावर नियमात बसणाऱ्या खेळ्या सुचवू लागलं. म्हणजे ते चित्र नुसतं शोभेचं नव्हतं, खेळी त्यावरूनच ठरत होती.

याला अर्थ म्हणायचं का? सर्ल नाही म्हणाला असता. मी एवढंच म्हणेन की ऑथेलोचा पट हा पूर्णपणे खेळ्यांच्या आपसातल्या संबंधांनीच बनलेला आहे, म्हणून याद्यांतून तो सापडू शकला. हापूसची चव तशी बनलेली नाही. कुठल्या शब्दाचा किती अर्थ अशा संबंधांत आहे आणि किती बाहेर, हे शब्दागणिक तपासावं लागेल. सरसकट हो किंवा नाही इथे चालत नाही.

विषय संपला का?

जाणिवेच्या बाबतीत तर अजिबात नाही, आणि इथे सर्लचा इशारा आज जास्त लागू पडतो. माणसांनी लिहिलेल्या मजकुरावर तयार झालेलं मॉडेल «मला भीती वाटते» म्हणालं, तर तो पुरावा धरता येत नाही, कारण ती वाक्यं माणसांकडूनच आलेली आहेत. म्हणूनच 2023 मध्ये तत्त्वज्ञ आणि मेंदूशास्त्रज्ञांच्या एका गटाने बोलण्यावर भर न देता आतली रचना बघायचं ठरवलं. मेंदूतल्या जाणिवेबद्दलचे प्रचलित सिद्धांत घेतले आणि प्रत्येकातून यंत्रात काय सापडायला हवं याची लक्षणं काढली. उदाहरणार्थ, वेगवेगळ्या विभागांतली माहिती एका मर्यादित सामायिक जागेत येऊन तिथून सगळीकडे पोचते का. त्यांचा निष्कर्ष होता की तेव्हाची कुठलीही प्रणाली जाणिवेची ठोस उमेदवार नाही, पण ही लक्षणं असलेली प्रणाली बांधण्यात उघड तांत्रिक अडथळा दिसत नाही. ही सगळी पद्धत एका गृहीतकावर उभी आहे: योग्य प्रकारची आकडेमोड जाणिवेला पुरते. त्या गटाने हे गृहीतक म्हणूनच स्पष्ट लिहिलं, सिद्ध झालंय असं म्हटलं नाही. सर्लने 1980 मध्ये नेमकं तेच नाकारलं होतं, आणि त्याचा नकारही आजवर सिद्ध झालेला नाही.